स्पीड टेस्ट १०० दाखवते, तरी क्लाउड गेम अडखळतो

प्रश्न: कन्सोलवर गेम डाउनलोड न करता थेट क्लाउडवरून खेळतो. स्पीड टेस्टला ९५-१०० एमबीपीएस येतात, तरी संध्याकाळी चित्र अडखळतं, कधी धूसर होतं, कधी बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं. कन्सोल वायफायवर आहे. केबल टाकली की सुटेल का? की कंट्रोलरच बिघडलाय?

उत्तर:

केबल टाका, पण तेवढ्याने संध्याकाळचा त्रास जाईलच असं नाही. माझ्याकडे गेला नव्हता. तुम्ही सांगितलेली लक्षणं मला ओळखीची आहेत आणि त्यांचं मूळ बहुधा अपलोडमध्ये आहे.

आधी वेगाचं बघू. एक्सबॉक्सच्या क्लाउडला कन्सोलवर २० एमबीपीएस मागतात. प्लेस्टेशन ५ वर ५ एमबीपीएसला सत्र सुरू होतं आणि चित्र जितकं मोठं तितकी मागणी वाढत जाते. म्हणजे तुमच्या १०० मध्ये भरपूर जागा आहे आणि ३०० चा प्लॅन घेऊन काही फरक पडणार नाही. फक्त डेटाची मर्यादा असेल तर हिशेब करून ठेवा: २० एमबीपीएसने तासभर खेळलात की ९ जीबी संपतात.

मग अडखळतं का? स्पीड टेस्ट आठ-दहा सेकंदांची सरासरी काढते. गेमला सरासरीशी देणंघेणं नाही. साठ फ्रेमच्या गेममध्ये दर १६.७ मिलिसेकंदांनी नवीन चित्र यावं लागतं. २० एमबीपीएसच्या प्रवाहात एका चित्राच्या वाट्याला साधारण ४२ किलोबाइट येतात, म्हणजे तीसेक पॅकेट. ही तीस पॅकेट वेळेत आली नाहीत तर ते चित्र हुकलं. सिनेमा बघताना अ‍ॅप पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतं, त्यामुळे मध्ये अर्धा सेकंद काही आलं नाही तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही कोणतं बटण दाबता त्यावर ठरतं, त्यामुळे साठवायला काही नसतंच. म्हणूनच ज्या लाइनवर ४के सिनेमा सुरळीत चालतो, तिच्यावर गेम धक्के खातो. दोन्हीत विसंगती काही नाही.

आता केबल. वायफायवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे थांबतात. शेजारचे राउटर त्याच चॅनलवर असतील तर त्यांच्यासाठीही थांबावं लागतं. पॅकेट हवेत बिघडलं तर ते परत पाठवलं जातं आणि तेवढे मिलिसेकंद जातात. सरासरी वेग छान दिसतो, पण पॅकेट एकसारख्या अंतराने न येता गुच्छागुच्छाने येतात. यालाच जिटर म्हणतात आणि 'थांबलं, मग एकदम पुढे उडी मारली' हा धक्का बहुतेक वेळा त्याचाच असतो. केबलने हे जवळजवळ संपतं. कॅट ५ई पुरेशी आहे, महागडी घेऊ नका. मात्र केबल थेट राउटरला लावा. वायफाय रिपीटरच्या पाठीमागच्या पोर्टात लावलीत तर शेवटच्या दोन मीटरलाच केबल आहे, बाकी प्रवास हवेतूनच. घराच्या विजेच्या तारांतून नेट नेणारे अ‍ॅडॉप्टरही केबलची जागा घेत नाहीत, त्यांचा वेग मिक्सर सुरू केला तरी बदलतो. केबल शक्यच नसेल तर कन्सोल ५ गिगाहर्ट्झवर आणि राउटरच्याच खोलीत ठेवा.

एवढं करून माझ्याकडे दुपारी मस्त चालायचं आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा तेच. मी आधी इंटरनेट कंपनीला दोष दिला. त्यांचा माणूस आला, स्पीड टेस्ट केली, हिरवा आकडा दाखवला आणि गेला. खरं काय होतं ते मला दोन काळ्या खिडक्यांनी दाखवलं. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन वेगळ्या खिडक्यांत हे चालू ठेवा (पहिला पत्ता तुमच्या राउटरचा, वेगळा असेल तर तो घाला; दुसरा बाहेर इंटरनेटवरच्या सर्व्हरचा):

```
ping -t 192.168.1.1
ping -t 1.1.1.1
```

खेळताना त्रास सुरू झाला की time पुढचे मिलिसेकंदांचे आकडे बघा. पहिल्या खिडकीत आकडा उडत असेल तर गडबड घरातल्या जोडणीत आहे. पहिली स्थिर आणि फक्त दुसरी उडत असेल तर गडबड राउटरच्या पुढे आहे. माझ्याकडे पहिली १ मिलिसेकंदावर ठाण मांडून होती. दुसरी एरवी १४ असायची, ती ३०० च्या पुढे गेली, वीसेक मिनिटं तिथेच राहिली आणि पुन्हा १४ वर आली. ती वीस मिनिटं म्हणजे घरातले फोन चार्जिंगला लागून दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ बॅकअपला पाठवत होते!

माझं डाउनलोड १०० होतं, पण अपलोड फक्त १०. फोन ते १० पूर्ण भरून टाकत होते. मॉडेम जादा पॅकेट लगेच फेकून देत नाही, रांगेत उभी करतो. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १२५० किलोबाइट. रांगेत ४०० किलोबाइट साचले की शेवटच्या पॅकेटला ०.३२ सेकंद थांबावं लागतं. माझे तीनशे मिलिसेकंद तिथून आले. तुमच्या कंट्रोलरचं बटण हे चिमुकलं पॅकेट असतं, पण त्यालाही त्याच रांगेत फोटोंच्या मागे उभं राहावं लागतं. बटण उशिरा लागतं ते यामुळे. चित्र धूसर होण्याचं कारणही तिथेच आहे. किती पॅकेट पोहोचली, किती हरवली हे कन्सोल सर्व्हरला सतत कळवत असतो. ते कळवणंच रांगेत अडकलं की सर्व्हरला वाटतं लाइन खराब झाली आणि तो चित्राचा दर्जा उतरवतो. डाउनलोड रिकामं असताना चित्र धूसर होतं ते असं.

उपाय सोपा आहे, जरा उलटा वाटतो एवढंच. राउटरमध्ये SQM नावाची सोय असेल तर ती चालू करा. प्रकार विचारला तर cake किंवा fq_codel निवडा आणि अपलोड खऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास बांधा. माझ्या १० साठी मी ८.५ घातले. मुद्दाम कमी ठेवायचं, म्हणजे रांग मॉडेमकडे न लागता राउटरकडे लागते, आणि तिथे लहान पॅकेटांना लगेच वाट मिळते. डाउनलोडलाही तसंच, ८५ ते ९० टक्के. त्या संध्याकाळी बॅकअप चालू असताना दुसऱ्या खिडकीतला आकडा १८-२० च्या वर गेला नाही. जुना राउटर असेल तर मात्र SQM लावल्यावर एकूण वेग घटू शकतो, कारण प्रत्येक पॅकेटचा विचार त्याच्या प्रोसेसरलाच करावा लागतो. ४०-५० जरी उरले तरी गेमला पुष्कळ.

बऱ्याच राउटरमध्ये नुसतं 'QoS, गेमिंगला प्राधान्य' असं बटण असतं. लाइनचा खरा वेग तिथे विचारत नसतील तर त्याच्यावर विसंबू नका. रांग मॉडेममध्ये लागते आणि राउटरचं प्राधान्य तिथे कोणी वाचत नाही. मग फोनमध्ये बॅकअपची वेळ रात्री उशिराची ठेवणं जास्त कामाचं. शिवाय कन्सोल स्वतः मागे एखादा गेम अपडेट करत नाही ना, हेही बघा. मी एकदा सगळ्या घराला फोन बंद करायला लावले होते आणि डाउनलोड माझ्याच कन्सोलवर चालू होतं.

कंट्रोलरचं थोडक्यात. तो सर्व्हरशी नाही, कन्सोलशी बोलतो. पुढे इंटरनेटवरून पाठवण्याचं काम कन्सोलचं. गूगलच्या स्टेडियाचा कंट्रोलर थेट वायफायवरून सर्व्हरला जोडला जायचा. ती सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, पण 'कंट्रोलर वायफायला जोडा' हा सल्ला अजून फिरतो. कन्सोलवर तो लागू नाही. कंट्रोलर दोषी आहे का, हे कळायला एक मिनिट लागतं: कन्सोलचा होम मेन्यू उघडा आणि बटणं भराभर दाबा. मेन्यू कन्सोलवरच चालतो, इंटरनेटचा संबंध नाही. तिथेही दाब हुकत असतील तर कंट्रोलर. मेन्यू चपळ आणि फक्त क्लाउड गेम सुस्त असेल तर नेटवर्क.

कंट्रोलर निघालाच तर आधी बॅटरी बघा, मग कन्सोलला चिकटवून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि ब्लूटूथही तिथेच चालतं. डिस्क अर्धा मीटर लांब सरकवून बघा. केबलने खेळून बघायचं तर डेटा नेणारी केबल घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलने कंट्रोलर बिनतारीच राहतो. प्लेस्टेशन ५ वर Communication Method मध्ये Use USB Cable निवडावं लागतं, नुसती केबल लावून भागत नाही.

आणखी एक: चित्र अजिबात न अडखळता फक्त सगळं उशिरा होत असेल, तेही इन्स्टॉल केलेल्या गेममध्येसुद्धा, तर टीव्हीचा गेम मोड बहुधा बंद आहे. टीव्ही चित्र सुंदर करण्यात कितीतरी मिलिसेकंद घालवतो. क्लाउडमध्ये तो उशीर वरचा उशीर म्हणून जास्त बोचतो.

यातलं सगळं करूनही रिकाम्या लाइनवर, केबलवर, दुसऱ्या खिडकीतला आकडा कमी आणि स्थिर असेल, तरी गेम कायम एकसारखा जड वाटत असेल, तर सर्व्हर लांब आहे. काचतंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागतातच आणि केबलचा मार्ग सरळ नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. 1.1.1.1 बहुधा तुमच्या जवळच उत्तर देतो, गेमचा सर्व्हर देईलच असं नाही. तिथे घरातलं काही चालत नाही. सावकाश चालीचे गेम क्लाउडवर खेळा आणि मारामारीचे इन्स्टॉल करून.