उशिरा भरलेल्या जीएसटीवर जादा व्याजाची नोटीस: प्रश्नोत्तरे

साताऱ्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. जून 2023 चं GSTR-3B मी 1 ऑक्टोबरला भरलं. आता DRC-01 मध्ये 12,960 रुपये व्याज मागितलंय. एवढं खरंच लागतं का?

नाही. तुमच्या विवरणात एकूण कर 3,60,000 रुपये आहे. त्यातले 3,00,000 आयटीसीतून गेले आणि 60,000 रोख. नोटिशीत व्याज पूर्ण 3,60,000 वर लावलंय. कलम 50(1) च्या परंतुकानुसार महिन्याची विक्री त्याच महिन्याच्या विवरणात उशिरा दाखवली, तर व्याज फक्त कॅश लेजरमधून भरलेल्या भागावर लागतं. ही तरतूद 1 जुलै 2017 पासून लागू आहे, हिशोबाची रीत नियम 88B मध्ये आहे.

मुदत 20 जुलैला संपली, म्हणजे उशीर 73 दिवसांचा. 60,000 × 18% × 73 ÷ 365 = 2,160 रुपये; सीजीएसटी 1,080, एसजीएसटी 1,080. पैसे भरण्याआधी पुढच्या महिन्याच्या GSTR-3B मधला तक्ता 5.1 उघडून बघा. मागच्या उशिराचं व्याज पोर्टल तिथे आपोआप दाखवतं आणि अनेकांचं ते आधीच भरून झालेलं असतं. तसं असेल तर पुन्हा भरू नका, त्याचा पुरावा जोडा.

जूनचं एक बिल राहून गेलं होतं, ते ऑगस्टच्या विवरणात दाखवलं. मलाही रोख भागावरच व्याज ना? (विटा)

तुमची गोष्ट वेगळी आहे. परंतुकाचा फायदा त्याच महिन्याच्या विवरणाला आहे. पुढच्या महिन्यात दाखवलेल्या बिलाच्या पूर्ण करावर, आयटीसीतून भरलेल्यावरसुद्धा, जूनच्या मुदतीपासून व्याज लागतं. कलम 73 किंवा 74 ची कारवाई सुरू झाल्यावर विवरण भरलं असेल, तरीही सवलत मिळत नाही. त्यामुळे उत्तर लिहिण्याआधी आपण कुठल्या गटात बसतो ते नक्की करा. इथे चुकलात तर पुढचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

उत्तर नेमकं कुठे आणि कसं द्यायचं? (कराड)

पोर्टलवर `Services > User Services > View Additional Notices/Orders` मध्ये नोटीस उघडा आणि `REPLIES` मधून DRC-06 भरा. मजकूर छोटा ठेवा: नोटिशीतला हिशोब, तुमचा हिशोब, कलम 50(1) चं परंतुक, आणि मान्य रक्कम किती. सोबत GSTR-3B जोडा. त्यातल्या तक्ता 6.1 मध्ये आयटीसी आणि रोख वेगळं दिसतं, आणि अधिकाऱ्याला तेवढंच तपासायचं असतं.

मान्य व्याज नोटिशीचा संदर्भ देऊन DRC-03 ने आधी भरा. व्याज आयटीसीतून भरता येत नाही, कॅश लेजरमध्ये पैसे लागतात. "व्याज चुकीचं आहे" एवढंच लिहून थांबू नका; आकडे नसलेल्या उत्तरावर बहुधा पूर्ण रकमेचाच आदेश DRC-07 मध्ये येतो. मग अपील करावं लागतं, आणि त्याची मुदत तीन महिने.