ग्रहणात चंद्र लाल का होतो?

प्रश्न: दुसरीतल्या मुलीला ग्रहणात चंद्र लाल का होतो हे कळेल अशी छोटी गोष्ट सांगाल का?

७ सप्टेंबर २०२५, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. दादरच्या चाळीच्या गच्चीवर मिनूने आजोबांना विचारलं, “आबा, पृथ्वीची सावली पडली ना? मग चंद्र काळा हवा. तांबडा कसा?”

“चौपाटीवर मावळताना सूर्य कसा दिसतो?”

“लालभडक!”

“कारण तेव्हा त्याचा उजेड खूप जास्त हवेतून येतो. निळा रंग वाटेतच इकडेतिकडे पसरतो, लाल पुढे जातो. पृथ्वीच्या कडेवरून जाणारा तो लाल उजेड हवेत जरासा वाकतो, सावलीत शिरतो आणि थेट चंद्रावर पडतो.”

मिनू गप्प. मग म्हणाली, “मी आत्ता चंद्रावर असते तर?”

“काळी पृथ्वी दिसली असती, भोवती लाल कडं. जगात या क्षणी जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, ते सगळं एकदम!”

“म्हणजे राहूने गिळलं नाही?”

“छे गं, आपलीच सावली.”

मुलं पुढचा प्रश्न विचारतीलच: ग्रहण असं बघितलं तर चालतं का? चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल बघा, सूर्यग्रहण मात्र तसं बघायचं नाही.