भिंतीतली ओल, झाडाचं खोड आणि वॉटरप्रूफ गिलावा

प्रश्न: केशाकर्षणाने पाणी उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत जातं, मग विटांच्या भिंतीतली ओल कमरेच्या आसपासच का थांबते? वॉटरप्रूफ गिलावा केला तर ती जाईल का?

गिलाव्याचं आधी सांगतो: जाणार नाही, उलट वर चढेल. हा उपाय सुचवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे उत्तराचा बराचसा भाग भिंतीवरच जाईल. झाडाचं थोडक्यात.

पाणी नीट चिकटतं अशा नळीत ते किती चढेल, याचं साधं गणित असं: १५ ला नळीच्या मायक्रोमीटरमधल्या त्रिज्येने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. खोडातल्या जलवाहिनीची त्रिज्या २५ मायक्रोमीटर धरली तर चढण ६० सेंटिमीटर. एवढ्यात तुळसही जेमतेम बसते. त्यामुळे ‘खोडातल्या बारीक नळ्यांमुळे पाणी शेंड्याला जातं’ हे उत्तर चूकच आहे, ते कितीही वेळा छापलेलं असो. खरं केशाकर्षण पानात आहे. पानांच्या पेशीभित्तिकांमधली छिद्रं काही नॅनोमीटरची असतात आणि तिथला पाण्याचा वक्र पृष्ठभाग शेकडो मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो. पानातून वाफ गेली की तो पृष्ठभाग आत ओढला जातो आणि खालचा सलग स्तंभ वर खेचतो. पाणी रिकाम्या नळीत चढत नसतं. वाहिनी तयार होते तेव्हापासूनच भरलेली असते. डिक्सन आणि जोली यांनी हे १८९४ मध्येच मांडलं होतं.

आता भिंत. विटेतली छिद्रं साधारण १ मायक्रोमीटरची धरली तर वरच्या गणिताने ओल १५ मीटर चढायला हवी. तशी ती चढत नाही, कारण छिद्र जितकं बारीक तितकी ओढ जास्त, पण वाहत्या पाण्याला होणारा अडथळा त्याहून जास्त. ओल वर जाते तशी तिची गती मंदावते, आणि वाटेत भिंतीच्या दोन्ही तोंडांवरून पाणी उडून जात असतं. पायातून येणारं पाणी आणि उडणारं पाणी जिथे सारखं होतं, तिथे ओलीची रेघ थांबते. गुरुत्वाकर्षणाचा या उंचीत फारसा हात नसतो.

वीट पाणी किती वेगाने ओढते हे मोजता येतं. पूर्ण वाळवलेली वीट वजन करून ३ ते ५ मिलिमीटर पाण्यात आडवी ठेवा. १, ४, ९ आणि १६ मिनिटांनी बाहेर काढून बुडाचं पाणी ओल्या फडक्याने टिपा आणि वजन करा. समजा तळ २०० बाय १०० मिलिमीटरचा आहे आणि वजन अनुक्रमे २०, ४०, ६०, ८० ग्रॅमने वाढलं. म्हणजे शोषण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आहे: दर चौरस मिलिमीटर तळामागे पहिल्या मिनिटात १ घन मिलिमीटर पाणी. वर्गमूळ आलं की समजायचं, वेग केशाकर्षण आणि अडथळा यांच्या झटापटीतून ठरतोय.

हीच वीट २३० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे नऊ इंची भिंतीत धरू. ओल्या भागाच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा पाणी असतं असं माना. दोन्ही तोंडांवरून मिळून दर चौरस मीटर भिंतीमागे रोज सुमारे दीड लिटर पाणी उडतं असंही माना. मग आवक-जावकीचा मेळ ७५ सेंटिमीटरच्या आसपास बसतो. तुमची कमर. दर मीटर लांबीला रोज लिटरभर पाणी पायातून येतं आणि हवेत जातं, तेव्हा कुठे ही रेघ ‘स्थिर’ दिसते.

या हिशोबात उंची बाष्पीभवनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. गिलाव्यावाल्यांना कळत नाही ते नेमकं हे. एका तोंडाला वॉटरप्रूफ लेप लावून बाष्पीभवन निम्म्यावर आणलं की ७५ ची रेघ १०५ सेंटिमीटरवर जाते. दोन्ही तोंडं बऱ्यापैकी बंद करून ते चौथाईवर आणलं की दीड मीटर. आतली खोली काही महिने कोरडी दिसते, सगळे खूश होतात, आणि मग लेपाच्या वरच्या कडेला रंगाचे पोपडे सुटू लागतात. कडक सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच, फक्त जरा सावकाश.

उपाय करायचा तर पाण्याची आवक तोडा. आधी बाहेर जाऊन जोतं बघा. जोत्यातला ओलावारोधक थर बाहेरच्या जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर वर हवा. भरावाने, फरशीने किंवा खालपर्यंत ओढलेल्या गिलाव्याने तो झाकला गेला असेल, तर पाणी त्याला वळसा घालून वर येतं. अशा वेळी माती उकरणं आणि गिलावा थराच्या वर कापणं एवढ्यानेही काम होतं.

थरच नसेल तर सिलेनचं क्रीम भरतात. ते विटेत नाही, विटांच्या आडव्या दरजेत भरायचं, कारण वर जाणाऱ्या पाण्याला प्रत्येक आडवी दरज ओलांडावीच लागते. साधारण १२ मिलिमीटर व्यासाची भोकं १२० मिलिमीटर अंतरावर पाडतात आणि पलीकडच्या तोंडाच्या ४० मिलिमीटर अलीकडे थांबतात. क्रीम छिद्रं बुजवत नाही. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग छिद्राच्या भिंतीशी करतो तो स्पर्शकोन ९० अंशांच्या पुढे जातो आणि तेच पृष्ठताण पाण्याला वर ओढायच्या ऐवजी मागे ढकलू लागतं. भोकांतली धूळ काढली नाही किंवा एखादी दरज पोकळ राहिली, तर तेवढ्या जागेतून ओल पुन्हा वर येते.

पण हे सगळं ओल खरोखर खालूनच येत असेल तर. गळका पाइप किंवा भिंतीवर धरणारा दमट हवेचा ओलावा यांना क्रीमने काहीही होत नाही. खात्रीसाठी २०, ५०, ८० आणि १२० सेंटिमीटर उंचीवर ड्रिल सावकाश चालवा (जोरात चालवलं तर भुकटी तापून वाळते), वरचा सेंटिमीटरभर भुगा टाकून द्या आणि आतला हवाबंद डबीत भरा. वजन करून १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ५० ग्रॅमचे ४४ झाले तर ओलावा ६ भागिले ४४, म्हणजे साधारण १४ टक्के. आकडे खालून वर उतरत गेले तर ओल पायातून येतेय. मधेच एका उंचीवर फुगले तर गळती शोधा. टोचायच्या मीटरवर विसंबू नका, क्षारांमुळे तो कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो.

वरचे आकडे सरळसोट एकजिनसी भिंतीचे आहेत. दरजेचा माल विटेपेक्षा कमी ओढणारा असेल तर रेघ खाली राहील, जमीन बरेच महिने कोरडी असेल तेव्हाही तसंच. ऋतूप्रमाणे ती वरखाली होतेच. आणि आवक तोडल्यावर लगेच रंग लावू नका: दर २५ मिलिमीटर जाडीला सुमारे महिना, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ-दहा महिने धरा. लोणा लागलेला जुना गिलावा रेघेच्या ३० सेंटिमीटर वरपर्यंत काढून टाका, कारण त्यातले नायट्रेट आणि क्लोराइड हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि पायातून थेंबही येत नसताना भिंत ओली दिसत राहते. नवा गिलावा चुन्याचा, म्हणजे वाफ जाऊ देणारा करा.