परदेशात राहून भारतातला नंबर चालू ठेवायचाय, पण ऑटोपे सारखं फेल होतंय

प्रश्न: सर, मी टोरांटोला असते. भारतातला नंबर पोस्टपेड आहे, महिना ३९९ अधिक टॅक्स. ऑटोपेला इथलं क्रेडिट कार्ड लावलं होतं, ते दोन महिने झाले रिजेक्ट होतंय. बँक, म्युच्युअल फंड, आधार सगळ्याला हाच नंबर आहे. एनआरओ खात्यात पैसे टाकून तिथून ऑटोपे लावू, का सरळ नंबर बंद करून सगळीकडे इथला नंबर देऊ? डिसेंबरमध्ये सांगलीला येणार आहे.

उत्तर: दोन्ही नको. नंबर प्रीपेड करा आणि वर्षाचा रिचार्ज एकदाच मारा, म्हणजे ऑटोपेची भानगडच राहत नाही. पण सगळ्यात आधी आज संध्याकाळी बाबांना फोन करून दोन्ही महिन्यांचं बिल त्यांच्या यूपीआयवरून भरायला सांगा. कंपनीच्या साइटवर नुसता नंबर टाकला की कोणीही बिल भरू शकतं, त्याला तुमचा ओटीपी लागत नाही. पोस्टपेडचं बिल थकलं की आधी आउटगोइंग बंद होतं आणि मग हळूहळू लाइनच कापतात, म्हणून हे डिसेंबरपर्यंत ठेवू नका.

आता कार्ड का रिजेक्ट होतंय ते सांगतो, कारण तुम्ही दुसरं कॅनडाचं कार्ड लावून बघाल आणि परत तेच होईल. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी ओटीपी देऊन मँडेट नोंदवावं लागतं आणि प्रत्येक वेळी पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं. ही सगळी व्यवस्था भारतातल्या बँकांच्या कार्डांभोवती उभी केलेली आहे, तुमची कॅनडाची बँक त्यात नाही. त्यामुळे एखादा सुटा रिचार्ज परदेशी कार्डावर कधी कधी होऊन जातो, पण दर महिन्याचं ऑटोपे बहुतेक वेळा अडकतंच. यात तुमच्या कार्डाचा किंवा क्रेडिट लिमिटचा काही दोष नाही.

एनआरओवरून ऑटोपे तांत्रिकदृष्ट्या होतं. मला त्यात अडचण अशी दिसते की ते मँडेट लावायला, बदलायला, बंद करायला ओटीपी येणार तो ह्याच नंबरवर. म्हणजे नंबर जिवंत ठेवायला मँडेट आणि मँडेट जिवंत ठेवायला नंबर. एकदा खात्यात बॅलन्स कमी पडला आणि हप्ता चुकला की दोन्ही बाजू एकदम जातात, आणि तुम्ही सात समुद्रापार. (तुमचं जुनं सेव्हिंग खातं अजून साधंच असेल आणि एनआरओ केलेलं नसेल, तर ते आधी करून घ्या, एनआरआय झाल्यावर साधं खातं तसंच चालवणं फेमा कायद्यात बसत नाही.)

पैशांचा हिशोब करू. ३९९ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ४७१ रुपये महिना, वर्षाचे झाले ५,६५० च्या आसपास. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्या, आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ ला ते पॅक आले तेव्हा वर्षभराचा साधारण १,८५० रुपयांना होता. दर बदलत राहतात, तेव्हा अ‍ॅपमध्ये आजचा बघा, पण तरी वर्षाला तीन-साडेतीन हजार वाचतातच आणि त्याहून मोठं म्हणजे वर्षाला बाराऐवजी एकच तारीख सांभाळायची. ही तारीख तुमच्या आणि बाबांच्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका.

लोक सांगतात की नंबरवर २० रुपये ठेवले की पुरतं. हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या सत्यामुळे खूप जण फसतात. ट्रायचा २०१३ चा नियम असा की प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, पण बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर बंद करायचा नाही, २० रुपये कापून ३० दिवस वाढवायचे. म्हणजे तो नियम नंबर तुमच्या नावावर ठेवतो. पण पॅकची मुदत संपली की आउटगोइंग जातं आणि मग काही दिवसांत इनकमिंगही, म्हणजे नंबर तुमचाच, पण ओटीपी येत नाही. माझ्या एका क्लायंटचं हेच झालं, ते दुबईला, बॅलन्स भरपूर, पॅक संपलेला, आणि एफडी मोडायची होती त्याच आठवड्यात बँकेचा ओटीपी येईना. तेव्हा पॅक हवाच, वर शंभरेक रुपये टॉकटाइमही हवा.

टॉकटाइम कशाला, तर ह्या नियमात नुसता एसएमएस येणं हे वापर म्हणून धरत नाहीत. कॉल येणं-जाणं, एसएमएस पाठवणं, डेटा, हे धरतात. म्हणून सिम ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका, दोन महिन्यांतून एकदा रोमिंगवर भारतात एक एसएमएस पाठवा. त्याला पॅक चालत नाही, बॅलन्समधून पैसे जातात, पण वर्षाला पाच-सहा एसएमएस म्हणजे काही खर्चच नाही.

प्रीपेड करायचं काम डिसेंबरमध्ये सांगलीतच करा. ओटीपीवर घरबसल्याही होतं, पण काही वेळा नवीन सिम देतात आणि सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, शिवाय रोमिंग परत चालू करायला लागू शकतं. हे टोरांटोत बसून निस्तरण्यापेक्षा तिकडे दोन दिवस हाताशी ठेवा. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे ना ते अ‍ॅपमध्ये बघा, आणि टोरांटोला उतरल्यावर नेटबँकिंगमधून ओटीपी मागवून बघा. आला तरच काम झालं समजा. रोमिंग डेटा मात्र बंदच ठेवा, आणि अनोळखी कॉल उचलू नका, रोमिंग पॅक नसेल तर येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात.

नंबर पूर्ण सोडून द्यायला मी नाही का म्हणतोय, तर आधारमुळे. आधारचे ओटीपी परदेशी नंबरवर येत नाहीत. आणि बंद झालेला नंबर कायम रिकामा राहत नाही, ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला देता येतो, म्हणजे तुमच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या फोनवर. एप्रिल २०२५ पासून बँका आणि यूपीआय अ‍ॅप्सना असे नंबर दर आठवड्याला तपासून यूपीआयमधून काढावे लागतात, पण प्रत्येक ठिकाणचं काढलं जाईलच असं नाही.

तुमच्या दुसऱ्या विचारातला एक भाग मात्र घ्या. एनआरआय खात्याला बऱ्याच बँका परदेशी नंबर घेतात, आणि कॅनडाच्या नंबरवर एनआरओ खात्याचं यूपीआय चालवायची परवानगी एनपीसीआयने २०२३ मध्ये दिलेली आहे, तुमची बँक देते का ते ब्रँचमध्ये विचारा. बँक आणि म्युच्युअल फंड कॅनडाच्या नंबरवर न्या, ईमेलही जोडा. भारतातल्या नंबरवर फक्त आधार आणि जिथे परदेशी नंबर घेतच नाहीत तेवढं ठेवा. मग एखाद्या वर्षी रिचार्ज चुकला तरी तुमचे पैसे अडकणार नाहीत, फक्त आधारचा ओटीपी अडकेल.