वाचलं. मी आहे. उत्तर देऊ नकोस.

*प्रश्न: माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने काल रात्री फेसबुकवर घटस्फोटाची पोस्ट टाकली. गेली काही वर्षं आमचं नीट बोलणं नाही. मी काय लिहू? काय झालं ते विचारलंच नाही, तर तिला मी परकी वाटेन का?*

नाही वाटणार. अशी पोस्ट मी स्वतः लिहिली आहे, म्हणून हे खात्रीने सांगते. आधी ती पोस्ट का लिहिली जाते ते सांगते, म्हणजे पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

मी मालवणची. लग्नानंतर पुण्याला होते, मग मुलीला घेऊन माहेरी आले. पहिलं वर्षभर कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. बाजारात गेले, मासळी घ्यायला बंदरावर गेले, देवळात गेले, की एकच प्रश्न: "जावय खय गो? येवंक नाय?" विचारणाऱ्या बायकांच्या मनात काही वाईट नसायचं, त्यांनी मला परकरात खेळताना पाहिलेलं. पण रोज नव्याने खोटं बोलून मी थकले. शेवटी जून महिन्यातल्या एका रात्री, बाहेर पाऊस कोसळत असताना, चार ओळी लिहून टाकल्या. आम्ही दोघांनी विचार करून वेगळं व्हायचं ठरवलं आहे, मुलगी माझ्याजवळ राहील, बाबांना भेटत राहील, एवढंच. "कारणं विचारू नका" अशी पाचवी ओळ लिहिली होती, पण उद्धट वाटेल म्हणून पुसली. ती ठेवायला हवी होती.

अशी पोस्ट टाकणारी व्यक्ती गप्पांना सुरुवात करत नसते. पन्नास जणांना पन्नास वेळा तोंडाने सांगावं लागू नये, म्हणून ती एकदाच सगळ्यांना कळवते. त्याखाली "काय झालं?" असं कुणी विचारलं, की ती ज्यातून सुटायला बघत होती तेच पुन्हा तिच्या दारात येतं, आणि या वेळी सगळ्या गावासमोर. उत्तर दिलं तर ते सासरचे वाचणार, मुलीच्या वर्गमैत्रिणींच्या आया वाचणार. नाही दिलं तर "हिचंच काहीतरी असेल" असा अर्थ निघणार.

सरळ प्रश्न विचारणारे थोडेच असतात. मला जास्त जड गेले ते प्रश्नचिन्ह नसलेले प्रश्न. "विश्वासच बसत नाही, तुमची जोडी किती छान होती." आता याला मी काय म्हणायचं? छान नव्हती, हे पटवून द्यायचं? "मुलीचा विचार केलास ना" हाही प्रश्नच, आणि आरोपही. "एकदा दोघांनी बसून बोला" असं लिहिणाऱ्या काकांना वाटलं असेल की आम्ही बोललोच नव्हतो. "वाचून रडू आलं" असं लिहिणाऱ्या मैत्रिणीला तर मीच रात्री अकरा वाजता मेसेज करून समजावलं. म्हणून तुमची कमेंट टाकण्याआधी ती एकदा तिच्या जागी बसून वाचा: हे वाचून तिला काही सांगावं, पटवावं किंवा मला सावरावं लागेल का? लागणार असेल, तर तेवढा भाग काढून टाका.

त्या रात्री शाळेतल्या एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "वाचलं. मी आहे. उत्तर देऊ नकोस." बाकी सगळं वाचून झाल्यावर मी फिरून फिरून त्या तीन वाक्यांवर येत होते. पहिल्या वाक्याने तिने सांगितलं की निरोप पोचला. तिसऱ्याने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. पोस्ट आली म्हणजे घटस्फोट झालाच असं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या 13-ब कलमाखाली परस्पर संमतीने अर्ज करायचा, तर आधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे जायचं, आणि तेव्हाही दोघांची संमती लागते. 2017 च्या एका निकालानंतर काही परिस्थितींत न्यायालय ही सहा महिन्यांची अट माफ करू शकतं, पण ती सर्रास माफ होत नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. माझी पोस्ट नेमकी या मधल्या काळातली होती, आणि तुमच्या मैत्रिणीचीही असू शकते.

माझ्या एका नातलगाने प्रेमापोटीच लिहिलं होतं, "बरं झालं सुटलीस. तो माणूस कसा आहे ते आम्हाला लग्नातच कळलं होतं." मी सकाळी उठेपर्यंत त्या वाक्याचा स्क्रीनशॉट पुण्याला पोचला होता. मुलीला महिन्यातून किती वेळा आणि कुठे भेटायचं हे आम्ही मोठ्या कष्टाने ठरवलं होतं, तेच पुन्हा उकरलं गेलं. "तुझ्या माणसांनी चारचौघांत माझी बदनामी केली, आता सही कशाला करू?" असं त्याचं म्हणणं. तीन आठवडे वकिलांच्या फोनाफोनीत गेले. ती कमेंट मी लिहिलेली नव्हती, पण होती माझ्या भिंतीवर. कायद्याने अशा खटल्याचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यातला मजकूर छापायला मनाई आहे, कारण त्या गोष्टी चारचौघांत यायच्या नसतात. मग आपण कमेंटमध्ये कुणाची चूक ते ठरवायला बसू नये, तिची बाजू घेण्यासाठीसुद्धा नाही. नवऱ्याचं नाव नको, मुलांची नावं तर नकोच, आणि त्याला किंवा इतर कुणाला टॅग करू नये. तुम्ही घाईत असं काही लिहून बसला असाल, तर ते दुरुस्त करू नका, सरळ काढून टाका. दुरुस्त केलेल्या कमेंटचा आधीचा मजकूर फेसबुकवर उघडून पाहता येतो.

आता खाजगीत काय करायचं. माझ्या त्या मैत्रिणीचा दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "शुक्रवारी दुपारी मी बाजारात आहे. चार वाजता तुझ्या लेकीला शाळेतून घेऊन आमच्याकडे नेते, घावणे खाऊ घालते, सातला आणून सोडते. चालत असेल तर फक्त 'हो' लिही. काहीच लिहिलं नाहीस तर मी येणार नाही, आणि मनात काही धरणारही नाही." "काही लागलं तर सांग" असं मला वीसेक जणांनी लिहिलं होतं, सगळ्यांनी मनापासून. पण काय लागतंय ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग तोंड उघडून मागायचं, ही तिन्ही कामं तेव्हा माझ्याने होत नव्हती. हिच्या मेसेजमध्ये वार होता, वेळ होती, काम ठरलेलं होतं आणि नकार द्यायला एक अक्षरही लिहावं लागत नव्हतं. मी "हो" लिहिलं. त्या तीन तासांत मी फक्त झोपले.

मुलीला आणून सोडताना ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "जेवलंस काय गो?" आणि गेली. आम्ही का वेगळे झालो हे तिला आजही ठाऊक नाही, आणि त्यावाचून आमच्यात काही अडलेलं नाही.

कोकणात अशा बाईची खरी परीक्षा पोस्टच्या दिवशी नसते, गणपतीत असते. मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावात येतात, घराघरांत भजनं होतात, आणि ज्यांनी पोस्ट वाचलेलीच नाही अशी माणसं समोर येऊन बसतात. त्यात गौरीचा दिवस जास्त अवघड, कारण तो सवाष्णींचा. ओवशाची सुपं मांडली जातात, हळदकुंकू लावलं जातं, आणि आपण कुठे उभं राहायचं हेच समजत नाही. माझ्या पहिल्या गणपतीत निकाल लागायचा होता, म्हणजे कायद्याने मी विवाहितच होते, पण ते कुणाकुणाला समजावणार? मैत्रिणीने आठ दिवस आधीच विचारलं होतं, "गौरीच्या दिवशी तुला घरी राहायचंय की आमच्याकडे यायचंय? आमच्याकडे आलीस तर स्वयंपाकघरात माझ्या शेजारी." त्या दिवशी मी तिच्याकडे भाजणीचे वडे तळले. एक म्हातारी आत्या आत डोकावून काही विचारायला लागली, तेव्हा ही म्हणाली, "आत्ये, वडे गरम आसत, आधी खावा." विषय तिथेच संपला. माणसांसमोर प्रश्न आला की तो असा सहज दुसरीकडे वळवणं, हे मला कुठल्याही कमेंटपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

विचारायला हवा असा एकच प्रश्न आहे, आणि तो कारणाचा नाही. पोस्टमध्ये मारहाणीचा, धमकीचा किंवा जगणं नकोसं झाल्याचा सूर दिसला, तर कमेंट सोडा आणि लगेच फोन करा: "तू आत्ता सुरक्षित आहेस ना? जवळ कोण आहे?" तातडीची मदत 112 वर मिळते, महिलांसाठी 181 आहे, आणि मनाचा तोल जात असेल तर टेलीमानसचा 14416 हा नंबर. असा सूर नसेल तर पहिले काही दिवस फोनसुद्धा करू नका. फोन उचलला की बोलावंच लागतं, मेसेज मात्र तिला हवा तेव्हा वाचता येतो.

तुमचं बोलणं तुटून काही वर्षं झाली आहेत, म्हणून "मधे संपर्क ठेवला नाही, माझंच चुकलं" ही माफी आज नको. तिला त्यावर "अगं, तसं काही नाही" म्हणत बसावं लागेल. पोस्टखाली फार तर एक ओळ लिहा: "वाचलं. तुझ्याबरोबर आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." रडक्या चेहऱ्याऐवजी साधं बदामाचं चिन्ह द्या. आणि खाजगीत, दोघींना ठाऊक असलेलं काहीतरी साधं: कॉलेजच्या कॅन्टीनचं, एसटीच्या शेवटच्या गाडीचं, जे तुमचं असेल ते, दोन ओळींत. त्यात लग्नाचा उल्लेखच नको. मग मोबाइलमध्ये तीन आठवड्यांनंतरची एक तारीख लावून ठेवा, कारण तोवर कमेंट थांबलेल्या असतात आणि घर एकदम शांत होतं. माझ्याकडे तेव्हा फक्त दोघींचे मेसेज आले होते. त्यातल्या एकीने एवढंच लिहिलं होतं, की कोकमाचं आगळ केलंय, एक बाटली तुझ्या दाराशी ठेवून जाते.