निळ्या खुणा आणि ‘हं, बघू’
जोडीदाराने दुपारी 2 वाजता संदेश वाचला, निळ्या खुणा उमटल्या आणि 5 वाजता नुसते ‘हं, बघू’ आले, एवढीच घटना आहे. ‘तो दुरावला’ हा तुम्ही लावलेला अर्थ आहे. सुरुवातीला या दोन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहा. मग त्याचे महिनाभरातील संदेश एकदाच पाहा. कामाच्या वेळी तो नेहमीच असे त्रोटक लिहीत असेल, तर आज वेगळे काही घडलेले नाही.

‘रागावलास का?’ असे पुन्हा पुन्हा विचारणे ही नवख्यांची हमखास चूक, आणि मीही ती वर्षभर केली. उत्तराने घटकाभर हायसे वाटते, पण पुढच्या वेळी तीच खात्री आणखी लवकर हवीशी होते. त्याऐवजी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास थांबा. भेटीतही तो तुटक वागू लागला, तर मात्र समोर बसून विचारा.