घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

प्रश्न : नवरा कामावरून येतो तो चेहरा पाडूनच. काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणतो आणि मोबाईल घेऊन बसतो. फार विचारलं तर खेकसतो. त्याला जरा हलकं वाटावं म्हणून मी काय करू? की गप्प बसू?

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्यात गप्प होणारी बायको होती आणि विचारणारा नवरा. ती एका हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, तो घरूनच काम करणारा. दिवसभर एकटा असल्यामुळे तो तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असायचा.

पहिल्या भेटीत दोघांनीही भांडणांची यादी ऐकवली. ती बाजूला ठेवून मी एवढंच विचारलं, की दार उघडल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत नेमकं काय काय घडतं ते क्रमाने सांगा. त्यातून चित्र स्पष्ट झालं. ती चप्पल काढतेय तोवर "कसा गेला दिवस?", हात धुतेय तोवर "चेहरा असा का?", मग "रात्री काय करायचं जेवायला?" आणि "रविवारी जायचं ना आपण?" हे सगळं प्रेमानेच. पण जिने दिवसभर कुठला पेशंट आधी बघायचा, कुणाला कुठल्या ड्यूटीवर घालायचं हेच ठरवलेलं असतं, तिला या साध्या प्रश्नांनाही उत्तर द्यावंसं वाटत नाही. ती "नेहमीसारखाच" म्हणायची आणि त्याला ते लागायचं.

अशा वेळी गप्प होणं म्हणजे जोडीदाराला टाळणं, असं धरून चालू नये. रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला होता, तो 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. कामाचा बोजा जास्त असलेल्या दिवशी ही माणसं घरी आली की अबोल होत. जोडीदाराने समजून घेऊन तेवढी मोकळीक दिली, तर ती आक्रसून बसत खरी, पण रागही कमी काढत. तुमच्या नवऱ्याचा मोबाईल हा बहुधा तीच मोकळीक मिळवायचा त्याचा मार्ग आहे. मार्ग फारसा कामाचा नाही, कारण त्यात ऑफिसचे मेसेजही येतच राहतात. पण गरज खरी आहे.

म्हणून आम्ही आधी अर्धा तास बाजूला काढला. ती आली की त्याने "आलीस?" म्हणायचं, पिशवी घ्यायची आणि आपल्या कामाला लागायचं. तिने कपडे बदलायचे, अंघोळ करायची, वाटलं तर दार लोटून पडायचं. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. तातडीचं असेल तर कुणीतरी कॉल करेल आणि रिंग ऐकू येईलच, वॉर्डचा ग्रुप उघडायची गरज नाही. अर्ध्या तासाने तिने आपणहून बाहेर यायचं, हे ठरलेलं होतं. ही शेवटची अट त्याच्यासाठी होती. गप्पपणा कधी संपणार हे माहीत असलं की तो सोसता येतो.

पहिला आठवडा फसला. नवऱ्याने उत्साहाच्या भरात मंद दिवे, बासरी, श्वासाचे व्यायाम असं सगळंच मांडलं आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारायला लागला, "आता बरं वाटतंय?" ती मला म्हणाली, "वॉर्डात रिपोर्ट देऊन यायचं आणि घरी आल्यावर परत रिपोर्ट द्यायचा." मग बाकी सगळं काढून टाकलं, अंघोळ तेवढी ठेवली. झोपायच्या तास-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ केली तर झोप लवकर लागायला मदत होते. नंतर त्वचेवाटे उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं, म्हणून. ज्या दिवशी तिला उशिरा झोपायचं असे, त्या दिवशी अंघोळ जेवणानंतर होई आणि तो अर्धा तास नुसता पडण्यात जाई.

तरी एक अडचण उरलीच. ती रात्री दचकून उठायची. पेशंटचा हँडओव्हर ती चोख देत होती, पण ज्युनिअर सिस्टर आज रडली, डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले, रजांचं वेळापत्रक अर्धवट राहिलं, हे कुणाला देणार? अर्धवट राहिलेली गोष्ट मनात घोळत राहते. मात्र ती केव्हा आणि कशी करायची हे नेमकं ठरवलं, तर काम व्हायच्या आधीच मन ती सोडून देतं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी 2011 मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं होतं. म्हणून वॉर्डातून निघण्याआधी पाच मिनिटं वहीत लिहायचं ठरलं. "रजांचं बघायचं" असं मोघम नको. "उद्या राउंडच्या आधी मेट्रनना विचारायचं, दोन नावं सांगायची" असं. वही लॉकरमध्येच राहायची. नवऱ्याचं इथे काम एकच, ती वही मागायची नाही.

बोलणं ठेवलं जेवणानंतर, वीसेक मिनिटं. इथे सगळ्यात जास्त मेहनत लागली, कारण नवरा उपाय सुचवणारा माणूस. ती "आज डॉक्टर फार बोलले" म्हणाली की हा म्हणे, "मग लेखी तक्रार कर ना," किंवा "त्यांचंही टेन्शन असेल." दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वाईट. त्या क्षणी आपल्या माणसाने आपली बाजू घ्यावी एवढंच हवं असतं, न्यायनिवाडा उद्या करता येतो. माझ्यासमोर आम्ही सराव केला. "मग?", "सगळ्यांसमोर?", "तुला काय वाटलं तेव्हा?" एवढंच म्हणायची मुभा. आणि फारच सुचवावंसं वाटलं तर आधी विचारायचं, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" बहुतेकदा उत्तर "ऐक" असंच यायचं.

फरक पडतोय का, हे चेहऱ्यावरून जोखू नका. पहिलं वाक्य कोण बोलतंय ते बघा. काही आठवड्यांनी ती अर्ध्या तासाच्या आतच बाहेर येऊन आपणहून काहीतरी सांगायला लागली, तेही वॉर्डाबद्दल नव्हे, वाटेत दिसलेल्या कशाबद्दल तरी. उलट तो अर्धा तास लांबत झोपेपर्यंत जात असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, झोप उडाली असेल किंवा दारूशिवाय सैल होता येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगून काय उपयोग असं काही तो बोलला, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. आणि वॉर्डात माणसंच कमी असतील, तर ती घरच्या दिनक्रमाने वाढत नाहीत. तिने पुढे ड्यूटी बदलून मागितली, ती त्यामुळेच.

तुम्ही सुरुवात कराल ती सुट्टीच्या दिवशी, दारात नाही. "घरी आल्यावर पहिला अर्धा तास तुला कसा हवा?" एवढंच विचारा आणि तो जे सांगेल ते आठवडाभर करून बघा.

त्या जोडप्याशी शेवटच्या भेटींत एक गोष्ट नवऱ्याने काढली, जरा संकोचूनच. "रोज मी ऐकतो. माझं कोण ऐकणार?" रास्त होतं. तेव्हापासून तिच्या सुट्टीच्या दिवशी आधी त्याची वीस मिनिटं ठरली, आणि "ऐकू की सुचवू?" हे विचारायची पाळी तिच्यावर आली.